एका दिवसाचा आहार: ताट भरलेले दिसते, मग उणे कुठे राहते?

गृहविज्ञानाच्या अकरावी-बारावीच्या वर्गात एक प्रश्न ठरलेला असतो. एखाद्या व्यक्तीचा एका दिवसाचा आहार दिला जातो आणि तो संतुलित आहे का ते तपासून सुधारणा सुचवण्यास सांगितले जाते. बहुतेक उत्तरपत्रिकांत या प्रश्नाचे उत्तर दोन ओळींत संपते: ‘आहारात प्रथिने व लोह कमी आहे. पालेभाज्या, दूध व फळे घ्यावीत.’ हे उत्तर चूक नसते, पण आहार न वाचताही ते लिहिता आले असते. किती कमी, कशामुळे कमी आणि सुचवलेल्या बदलाने ते खरोखर भरून निघते का, या तीन गोष्टी त्यात नसतात.

मे २०२४ मध्ये भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषद आणि हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था यांनी भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. तेव्हापासून ‘ताटात काय किती असावे’ ही चर्चा वर्गाबाहेर घरोघरीही होऊ लागली आहे. म्हणून परीक्षेत येईल असा एक आहार घेऊन तो शेवटपर्यंत सोडवून पाहू. यात सर्वांत जास्त जागा लोहाला दिली आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत (२०१९-२१) देशातील १५ ते १९ वयोगटातील सुमारे ५९ टक्के मुलींमध्ये रक्तक्षय आढळला होता, आणि या प्रश्नात विद्यार्थी सर्वाधिक चुकतात तेही लोहाच्याच हिशेबात.

## दिलेला आहार

भांडुपला राहणारी, दादरच्या कनिष्ठ महाविद्यालयात जाणारी सोळा वर्षांची शाकाहारी मुलगी. तिचा एका दिवसाचा आहार पुढीलप्रमाणे आहे. वजने कच्च्या जिनसांची आहेत.

| वेळ | पदार्थ | कच्ची सामग्री |
|---|---|---|
| सकाळी | कांदेपोहे, चहा, बिस्किटे | पोहे ५० ग्रॅम, कांदा, थोडे शेंगदाणे, तेल. चहात दूध ५० मिली. बिस्किटे ४ |
| दुपारचा डबा | ३ चपात्या, बटाट्याची भाजी | कणीक ७५ ग्रॅम, बटाटा १०० ग्रॅम, तेल |
| संध्याकाळी | वडापाव, चहा | पाव १, बटाटा ५० ग्रॅम, बेसन १२ ग्रॅम, तेल. दूध ५० मिली |
| रात्री | वरणभात, १ चपाती, कोबीची भाजी | तांदूळ ६० ग्रॅम, तूरडाळ २० ग्रॅम, कणीक २५ ग्रॅम, कोबी ६० ग्रॅम, तेल, तूप |

मुंबईतल्या अनेक घरांना हा आहार अगदी ओळखीचा वाटेल. कोणी उपाशी नाही, चार वेळा खाणे झाले आहे, घरचा डबा आहे, रात्री वरणभातावर तूपही आहे.

## आधी माणूस, मग ताट

विश्लेषणाची सुरुवात आहारापासून करू नये. तो आहार कोणाचा आहे, हे आधी पाहावे. वय, लिंग, शरीराचे काम आणि विशेष अवस्था (वाढीचे वय, गरोदरपण, आजार) यांवरून गरज ठरते, आणि गरज ठरल्याशिवाय ‘कमी’ किंवा ‘जास्त’ या शब्दांना अर्थ येत नाही. हेच ताट बैठे काम करणाऱ्या पन्नाशीच्या बाईंचे असते, तर उत्तर बरेच वेगळे आले असते.

राष्ट्रीय पोषण संस्थेच्या २०२०च्या तक्त्यानुसार १६ ते १८ वयाच्या मध्यम हालचाल करणाऱ्या मुलीसाठी दिवसाला सुमारे २५०० किलोकॅलरी ऊर्जा, ४६ ग्रॅम प्रथिने, १०५० मिलिग्रॅम कॅल्शियम आणि ३२ मिलिग्रॅम लोह सांगितले आहे. याच वयाच्या मुलासाठी लोहाचा आकडा २६ आहे. मुलीची ऊर्जेची गरज मुलापेक्षा कमी असूनही लोहाची गरज अधिक आहे, कारण वाढीबरोबरच मासिक पाळीतून जाणारे लोहही तिला भरून काढावे लागते. म्हणजे तिला कमी अन्नातून जास्त लोह मिळवायचे आहे. हे वाक्य उत्तरपत्रिकेत क्वचितच दिसते, पण पुढचा सगळा पेच त्यातच आहे.

या आकड्यांबाबत एक गोष्ट समजून घेतली पाहिजे. तक्त्यात लोहाचे दोन आकडे असतात. एक आहे ‘सरासरी गरज’: त्या गटातल्या निम्म्या व्यक्तींची गरज एवढ्यात भागते. या मुलीच्या गटासाठी तो १८ मिलिग्रॅम आहे. दुसरी आहे ‘शिफारस केलेली मात्रा’: हिच्यात जवळजवळ सगळ्यांची, म्हणजे शंभरातल्या सत्त्याण्णव-अठ्ठ्याण्णव जणींची, गरज भागते. ती ३२ मिलिग्रॅम आहे. दाराची चौकट माणसांच्या सरासरी उंचीइतकी केली, तर निम्म्या लोकांचे डोके आपटेल, म्हणून चौकट पुष्कळ उंच ठेवतात. शिफारस केलेली मात्रा ही ती उंच चौकट होय. त्यामुळे आहारात ३२पेक्षा कमी लोह आहे एवढ्यावरून ‘हिला कमतरता आहे’ असे लिहिणे चूक ठरते. मात्र आकडा १८च्याही खाली असेल, तर गरज न भागण्याची शक्यता भागण्यापेक्षा अधिक आहे, असे ठामपणे लिहिता येते.

## शिजलेला भात की कच्चा तांदूळ?

आकडेमोडीत सर्वांत मोठी चूक येथे होते. अन्नघटकांच्या तक्त्यातले आकडे कच्च्या, खाण्याजोग्या भागाच्या १०० ग्रॅमसाठी असतात. कच्च्या तांदळाच्या १०० ग्रॅममध्ये सुमारे ३५६ किलोकॅलरी असतात. मुलीच्या वाटणीचा ६० ग्रॅम तांदूळ शिजून पाणी पिऊन १६०-१७० ग्रॅम भात होतो. विद्यार्थी वाटीतला भात तोलतो, १७० ग्रॅम लिहितो आणि कच्च्या तांदळाच्या आकड्याने गुणतो. खऱ्या २१४ किलोकॅलरींच्या जागी सहाशेच्या वर ऊर्जा येते, आणि आहार कागदावर एकदम भरपूर होऊन बसतो.

ही चूक ओळखणे सोपे आहे. एका वाटी भाताने किंवा एका वाटी वरणाने दिवसाच्या गरजेचा चौथा हिस्सा भरलेला दिसला, तर मागे जाऊन वजन कशाचे होते ते पाहावे. वरणाच्या बाबतीत तर हे फारच फसवे असते. वाटीभर पातळ वरण १५० ग्रॅमचे असले, तरी त्यात डाळ २० ग्रॅमच असते, उरलेले सारे पाणी. पालेभाजीचे उलट होते: जुडीचे वजन धरले जाते, पण देठ आणि मुळे टाकून निवडलेला पाला त्याहून बराच कमी भरतो.

## सगळ्या गटांवर खूण झाली, मग आहार संतुलित नाही का?

वर्गात पाच अन्नगट शिकवतात: तृणधान्ये, डाळी व कडधान्ये, दूध व मांसजन्य पदार्थ, भाज्या व फळे, तेल-तूप-साखर. या मुलीच्या आहाराला ती कसोटी लावली, तर पाचही गटांवर बरोबरची खूण होते. पोहे-चपाती-भात आहे, वरण आहे, चहात दूध आहे, बटाटा-कोबी आहे, तेल-तूप आहे. पुष्कळ उत्तरे येथेच ‘आहार संतुलित आहे’ असे म्हणून थांबतात.

गट हजर आहे का, याच्याबरोबर तो किती आहे हेही पाहावे लागते. २०२४च्या मार्गदर्शिकेने दिवसाला २००० किलोकॅलरींचे एक नमुना ताट दिले आहे. त्यात तृणधान्ये २५० ग्रॅम, डाळी-कडधान्ये ८५ ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम आणि दूध किंवा दही ३०० मिली आहे. शिवाय थोडा सुकामेवा व तेलबिया आणि २७ ग्रॅम तेल-तूप. आपल्या मुलीची बेरीज त्याच्याशेजारी मांडू. पोहे, कणीक, तांदूळ आणि पाव-बिस्किटांतला मैदा मिळून तृणधान्ये साधारण २५० ग्रॅम होतात. तो रकाना पूर्ण भरला. डाळ व बेसन मिळून ३२ ग्रॅम, म्हणजे निम्म्याहूनही कमी. दूध दोन चहांतले मिळून १०० मिली. बटाटा बाजूला ठेवला, तर कोबी आणि कांदा मिळून भाजी ८५ ग्रॅमच्या आसपास. फळ नाही. तेल-तूप मात्र ३८ ग्रॅमच्या घरात.

बटाटा बाजूला का ठेवायचा, असा प्रश्न विद्यार्थी हमखास विचारतात, कारण घरात आपण ‘बटाट्याची भाजी’ असेच म्हणतो. पण बटाट्यात मुख्यतः पिष्टमय पदार्थ असतात. ताटातले त्याचे काम धान्याच्या जवळचे आहे. चपातीबरोबर बटाटा आणि पावात बटाट्याचा वडा, म्हणजे एकाच कामासाठी दोन माणसे नेमली आणि दुसरे काम तसेच पडून राहिले.

या तुलनेतून आहाराचे स्वरूप एका वाक्यात सांगता येते: धान्य पुरेसे आहे, तेल जास्त आहे, आणि त्यांच्या सोबतीला जे हवे ते सारे तिसऱ्या हिश्श्याच्या आसपास किंवा त्याहूनही खाली आहे. उत्तराचा पहिला परिच्छेद असाच असावा.

## पोट भरते आहे, मग ऊर्जा कमी कशी?

सगळ्या जिनसांची बेरीज केली, तर दिवसाची ऊर्जा १६५० किलोकॅलरींच्या जवळपास येते, म्हणजे २५००च्या दोन-तृतीयांश. पालकांना हे पटत नाही, कारण मुलगी व्यवस्थित जेवते आणि ‘भूक नाही’ म्हणते. चहा-बिस्किटांनी भूक मारली जाते, हे त्याचे एक कारण. दुसरे कारण डब्याचे. लोकलच्या गर्दीत बसेल एवढाच डबा नेला जातो आणि दोन तासिकांच्या मधल्या वीस मिनिटांत खाऊन होईल एवढेच त्यात असते.

येथे एक सावधगिरी बाळगावी. २५०० हा आकडा मध्यम हालचाल करणाऱ्या मुलीचा आहे. दिवसभर बसून असणाऱ्या मुलीला त्याहून कमी पुरेल. शिवाय वड्याने तळताना किती तेल शोषले हे कोणालाच नेमके सांगता येत नाही. वर ते ८ ग्रॅम धरले आहे, कढई पुरेशी तापली नसेल तर ते वाढते. म्हणून ऊर्जेच्या बेरजेत शंभर-दीडशेचा फरक सोडून द्यावा आणि ‘१६५७’ असा अचूकतेचा आव आणणारा आकडा लिहू नये. वजन आणि उंची दिली असेल, तर ऊर्जा खरोखर कमी पडते आहे का याचा खरा पुरावा तेथे मिळतो.

प्रथिनांचे थोडक्यात सांगता येते. बेरीज ३८ ग्रॅमच्या आसपास येते आणि गरज ४६ची आहे. तूट फार मोठी नाही, पण त्या अडतीसमधला सुमारे साठ टक्के भाग धान्यांतून आला आहे. धान्यांच्या प्रथिनांत लायसिन नावाचा एक घटक कमी असतो आणि डाळींत तो भरपूर असतो. वरणभाताची जोडी याचसाठी चांगली आहे, पण ६० ग्रॅम तांदळाला २० ग्रॅम डाळ एवढी बरी जोडी दिवसातून एकदाच जमली आहे. बाकीच्या धान्याला सोबत जवळजवळ नाहीच.

## पोह्यांत तर लोह भरपूर असते ना?

आता लोह. आहारातली मोठी आवक कणकेची: १०० ग्रॅममध्ये सुमारे ४ मिलिग्रॅम. पोह्यांतून सव्वादोन, डाळ आणि बेसनातून दीड, बटाट्यातून पाऊण, उरलेले सारे मिळून दीड-पावणेदोन. बेरीज १० मिलिग्रॅमच्या थोडी पुढे जाते. शिफारस ३२ची, सरासरी गरज १८ची. म्हणजे हा आहार खालच्या चौकटीतूनही बराच खाली राहतो.

पण वर्गातल्या एखाद्या विद्यार्थिनीचे उत्तर १८ येते आणि तिची आकडेमोड तपासली तर तीही बरोबर असते. फरक तक्त्याचा असतो. अनेक जुन्या पाठ्यपुस्तकांत आणि गाइडांत अजूनही जुन्या कोष्टकाचे आकडे छापलेले आहेत. त्यात १०० ग्रॅम पोह्यांत २० मिलिग्रॅम लोह दिले आहे. राष्ट्रीय पोषण संस्थेने देशभरातून नमुने घेऊन नव्याने तपासून २०१७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या कोष्टकात तोच आकडा साडेचारच्या आसपास आहे. धान्यांच्या जुन्या नमुन्यांत माती, धूळ आणि दळणकांडपाच्या लोखंडी साधनांतून बरेच लोह मिसळलेले असावे, असे या फरकाचे स्पष्टीकरण दिले जाते. कारण काहीही असो, ५० ग्रॅम पोह्यांमागे जवळजवळ आठ मिलिग्रॅमचा फरक पडतो आणि ‘अपुरा’ आहार कागदावर ‘सरासरी गरजेइतका’ होऊन जातो.

म्हणून उत्तरात कोणत्या वर्षाचे कोष्टक वापरले ते लिहावे, आणि एकाच उत्तरात दोन कोष्टके मिसळू नयेत. परीक्षेत प्रश्नाबरोबर कोष्टक दिले असेल, तर ते जुने असले तरी तेच वापरावे. तेथे तपासली जाते ती रीत. पण घरी आईला ‘पोह्यांतून लोह मिळते, काळजी नको’ असे सांगण्याआधी नवा आकडा पाहावा.

## खाल्लेले सगळे अंगी लागते का?

लागत नाही, आणि लोहाच्या बाबतीत तर फारच थोडे लागते. धान्ये, डाळी आणि भाज्यांतले लोह आतड्यातून सहज आत जात नाही. शंभर भागांतले पाच-दहा भाग शोषले गेले तरी पुष्कळ. धान्ये व कडधान्यांच्या सालीतला फायटेट हा घटक लोहाला धरून ठेवतो. चहातील टॅनिनसारखे घटकही तेच करतात. उलट ‘क’ जीवनसत्त्व त्याच घासाबरोबर पोटात गेले, तर तेच लोह शोषण्यास सोपे होते.

आता सकाळची वेळ पुन्हा पाहू. आहारातल्या लोहाचा पाचवा हिस्सा ज्या पोह्यांत आहे, त्यांच्यासोबतच चहाचा कप आहे. पोह्यांवर लिंबू पिळल्याचा उल्लेख नाही. संध्याकाळी वडापावाबरोबर पुन्हा चहा. कोष्टकाच्या बेरजेत ही गोष्ट कोठेच दिसत नाही, कारण कोष्टक पदार्थ मोजते आणि पदार्थ कोणत्या वेळी कोणाच्या शेजारी खाल्ला याची नोंद त्यात नसते. दोन मुलींनी दिवसभरात अगदी तेच पदार्थ खाल्ले, पण एकीने चहा पोह्यांबरोबर आणि दुसरीने तासा-दीड तासाने घेतला, तर दोघींच्या अंगी लागणारे लोह सारखे असणार नाही.

चहा बंद करायचा का? त्याची गरज नाही, आणि मुंबईत ते कोणी करणारही नाही. जेवण किंवा नाश्ता आणि चहा यांत तासाभराचे अंतर ठेवले, तरी बराचसा प्रश्न सुटतो. पोह्यांवर लिंबू पिळायचे, पण गॅस बंद केल्यावर, ताटलीत. कढईत पिळून झाकण ठेवून वाफ आणली, तर ‘क’ जीवनसत्त्व उष्णतेने घटते आणि हाती फक्त आंबटपणा राहतो. कडधान्यांना मोड आणल्याने फायटेट कमी होते, हे मटकीची उसळ करणाऱ्या घरांना वेगळे सांगायला नको.

## सुधारणा सुचवताना

सुधारित आहार लिहिताना विद्यार्थी सहसा जुना आहार फाडून टाकतात आणि नवाच लिहितात: सकाळी बदाम, दुपारी पालक-पनीर, संध्याकाळी सॅलड, रात्री सूप. गुण मिळतीलही, पण प्रश्नात ‘सुधारणा’ मागितलेली असते. त्याच घरात, त्याच वेळांत, त्याच ओट्यावर होईल असा बदल सुचवणे हे अधिक अवघड आणि अधिक उपयोगाचे काम आहे. ज्या घरात आई साडेआठच्या लोकलने परतते, तेथे रात्री जुडी निवडायला सांगण्याआधी विचार करावा. निवडलेला पाला आदल्या दिवशी कोरड्या कापडात गुंडाळून फ्रिजमध्ये ठेवता येतो, हे त्यासोबत लिहावे.

या मुलीसाठी बदल असे करता येतील. सकाळी चहा-बिस्किटांऐवजी पेलाभर दूध, पोहे तेवढेच, पण त्यांत शेंगदाणे मूठभर आणि वरून लिंबू. डब्यात बटाट्याऐवजी दाण्याचे कूट घातलेला माठ, निवडलेला पाला १०० ग्रॅम, आणि तीनऐवजी चार चपात्या. सोबत एक पेरू, जो डब्याबाहेर पिशवीतही नेता येतो. संध्याकाळी वडापावाऐवजी मोड आलेल्या मटकीची उसळ आणि दोन पाव, चहा त्यानंतर तासाभराने. मधल्या वेळेसाठी शेंगदाण्याच्या चिक्कीची एक वडी. रात्री चपातीच्या जागी नाचणीची भाकरी, वरण घट्ट, म्हणजे डाळ २०ऐवजी ३५ ग्रॅम, कोबी थोडा जास्त, काकडी-टोमॅटोची कोशिंबीर आणि वाटीभर दही.

बदल सुचवून थांबू नये. बेरीज पुन्हा करावी. ही पायरी जवळजवळ सगळे गाळतात. ऊर्जा २३५० किलोकॅलरींच्या घरात जाते. प्रथिने सत्तरच्या पुढे जातात, आणि धान्यांचा त्यातला वाटा चाळीस टक्क्यांच्या जवळ उतरतो. कॅल्शियम आधी २३५ मिलिग्रॅमच्या आसपास होते, म्हणजे गरजेच्या चौथ्या हिश्श्याहूनही कमी. ते आता हजाराच्या पुढे जाते. मात्र त्यातले तीनशेच्या वर माठातून आलेले आहे, आणि माठात ऑक्झॅलेट असल्याने त्यातले बरेचसे शोषले जात नाही. म्हणून कॅल्शियमसाठी भरवसा दूध, दही आणि नाचणीवर ठेवावा; माठ आहारात घालायचा तो लोहासाठी आणि ‘अ’ जीवनसत्त्वासाठी.

वडापाव सुधारित आहारातून पूर्ण गेला पाहिजे का, यावर मतभेद होतील. माझ्या मते आठवड्यातून एकदा-दोनदा तो राहण्यास हरकत नाही. या आहाराचे मुख्य दुखणे वड्यातले तेल नसून त्याच्या शेजारी कडधान्य, पाला आणि फळ नसणे हे आहे. ‘जंक फूड टाळावे’ एवढे लिहिले, तर मुलगी वडापाव सोडेल, पण ती मटकी खाईलच असे नाही, आणि मग तिची ऊर्जा आणखी घटेल.

## एवढे करूनही लोह ३२ का होत नाही?

नव्या आहारात लोहाची बेरीज साधारण २२ मिलिग्रॅम येते. माठाने साडेचार, मटकीने तीन, नाचणीने दोन-सव्वादोन अशी भर घातली, तरीही ३२ गाठता आलेले नाहीत. येथे काही विद्यार्थी घाबरून आकडा वाढवतात किंवा दिवसात पाव किलो पालेभाजी घालतात. तसे करू नये. २२ हा आकडा सरासरी गरजेच्या वर आणि शिफारशीच्या खाली आहे. त्याचा अर्थ असा की गरज भागण्याची शक्यता आता न भागण्यापेक्षा जास्त आहे, पण खात्री नाही. शिवाय लिंबू, पेरू, मोड आणि चहाचे अंतर यांमुळे शोषण सुधारेल. ते बेरजेत दिसणार नाही, पण उत्तरात शब्दांत लिहिता येईल.

रोजच्या शाकाहारी आहारातून या वयाच्या मुलीला ३२ मिलिग्रॅम मिळवणे खरोखरच कठीण आहे. शासनाच्या ‘अॅनिमिया मुक्त भारत’ कार्यक्रमात किशोरवयीन मुला-मुलींना आठवड्यातून एकदा लोह व फॉलिक अॅसिडची निळी गोळी दिली जाते, त्यामागे हेच वास्तव आहे. त्या गोळीत ६० मिलिग्रॅम लोह असते. आहार नीट असेल तर गोळीची गरज नाही, आणि गोळी घेतली तर आहाराची गरज नाही, ही दोन्ही वाक्ये चुकीची आहेत. मासे-मटण खाणाऱ्या घरांत थोडी सोय होते, कारण प्राणिजन्य अन्नातले लोह अधिक सहज शोषले जाते आणि त्याच जेवणातल्या वनस्पतिजन्य लोहाचे शोषणही वाढवते. लोखंडी कढईत केलेल्या आंबट भाजीत थोडे लोह उतरते, पण किती ते कढईवर, वेळेवर आणि आंबटपणावर ठरत असल्याने ते बेरजेत धरता येत नाही.

## एका दिवसावरून किती बोलावे?

एका दिवसाच्या आहारावरून तो दिवस कसा होता एवढे सांगता येते. उद्या रविवार असेल, घरात छोल्यांचा बेत असेल किंवा चतुर्थीचा उपवास असेल, तर बेरीज पूर्ण वेगळी येईल. लोहासारख्या घटकाचा साठा शरीरात असतो आणि तो महिनोन्‌महिने हळूहळू भरतो वा रिकामा होतो. म्हणून आहाराची खरी पाहणी करताना निदान तीन दिवसांची, त्यांत एक सुट्टीचा दिवस धरून, नोंद घेतात. त्यातही लोक सांगताना चिक्की, चहा आणि शेजारच्या डब्यातले दोन घास विसरतात आणि पालेभाजी आठवणीने सांगतात.

त्यामुळे उत्तरात ‘या मुलीला रक्तक्षय आहे’ असे वाक्य येता कामा नये. ते ठरते रक्ततपासणीवरून. या वयाच्या मुलीत हिमोग्लोबिन १०० मिलिलिटर रक्तात १२ ग्रॅमपेक्षा कमी असेल, तर रक्तक्षय म्हणतात. आहार वाचून लिहिता येईल ते असे: ‘दिलेल्या दिवशी लोहाचे सेवन सुमारे १० मिलिग्रॅम असून ते या वयोगटाच्या सरासरी गरजेपेक्षा कमी आहे; नाश्त्याबरोबरच्या चहामुळे त्याचे शोषणही कमी होण्याची शक्यता आहे; हाच आहार रोजचा असल्यास हिमोग्लोबिन तपासून घ्यावे.’